तेलाची रेघ, पाण्याची रेघ

काचेच्या टाकीत पाण्यावर करडीचं तेल ओतलं की दोघांच्या मधे एक रेघ उमटते. खाली रंगहीन पाणी, वर उन्हासारखं पिवळं तेल, आणि मधली ती रेघ, इतकी बारीक की बोटाने दाखवता येते पण धरता येत नाही. त्या रेघेवर लाकडाची फळी तरंगत असेल तर तिचा किती भाग पाण्यात आणि किती तेलात, हा प्रश्न लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या श्यामनगर-बाबानगर भागात मुलं वर्षभर सोडवतात. ‘नीट’मध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न असतात, म्हणजे या फळीच्या वाट्याला एखादं मिनिट येतं. तेवढ्यात मुलं सूत्र लावतात: लाकडाच्या घनतेतून तेलाची घनता वजा करायची आणि पाणी व तेल यांच्या घनतांमधल्या फरकाने भागायचं. पाण्यातला हिस्सा मिळतो, उरलेला तेलातला. उत्तर बरोबर येतं आणि पान उलटतं. मला वाईट वाटतं ते पान उलटल्याचं, कारण टाकीत जे घडतं ते त्या सूत्रापेक्षा फार सुंदर आहे.

मी वर्गात बाभळीची फळी नेतो. सुताराकडून रंधून घेतलेली, दहा सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि पाच सेंटिमीटर जाड, वरून व्हार्निशचे दोन हात, म्हणजे ती पाणी पिणार नाही. वजन 400 ग्रॅम. नुसत्या पाण्यात सोडली की ती चार सेंटिमीटर बुडते आणि एक सेंटिमीटर वर राहते. मग मी तेल ओततो, टाकीच्या काचेवरून, सावकाश, फळीवर शिंतोडा न उडवता. तेलाचा थर दोन सेंटिमीटर झाला की थांबतो. फळी वर सरकलेली असते. पाण्यात आता चार नाही, दोनच्या थोडं वर, 2.16 सेंटिमीटर.

एकदा मुखेडकडची एक मुलगी टाकीपाशी येऊन कितीतरी वेळ काचेला डोळा लावून बघत राहिली. मग म्हणाली, “सर, तेल तर फळीच्या खाली गेलंच नाही. नुसतं कडांना लागलंय. कडेवरचा दाब आडवा असतो. मग तिला वर कोणी ढकललं?”

या विषयावरचा याहून चांगला प्रश्न मी ऐकलेला नाही. तेलाने फळीला खालून हात लावलेलाच नाही, हे अगदी खरं. वर ढकललं ते पाण्यानेच. पण तेल आता त्या पाण्याच्या डोक्यावर बसलं आहे, त्याचा भार खालच्या सगळ्या पाण्यावर पडतो, आणि पाणी तो भार जसाच्या तसा सगळीकडे पोचवतं, फळीच्या तळाखालीही. हिशोब मांडून बघा. दोन सेंटिमीटर तेल, घनता 0.92, म्हणजे 1.84 सेंटिमीटर पाण्याइतका दाब. त्याखाली 2.16 सेंटिमीटर पाणी. बेरीज बरोबर चार. आधी नुसतं पाणी जो दाब तळाला देत होतं, तोच आता दोघं मिळून देतात. तळाचं क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटर, म्हणून 400 ग्रॅमचा भार तोलला जातो. मुलीने वहीत ही बेरीज स्वतः केली, आणि ती चारवर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला.

इथे पाठ केलेलं सूत्र लावलं तर काय होतं? 0.80 वजा 0.92, भागिले 0.08. उत्तर उणे दीड. उणे हिस्सा ऐकून मुलं घाबरतात, कुठेतरी चूक झाली म्हणून पुन्हा आकडेमोड करतात. चूक आकड्यांत नसतेच. ते उणे चिन्ह सांगतं की हे लाकूड तेलापेक्षाही हलकं आहे. तेल पुरेसं ओतलं तर ते पाणी सोडून देईल आणि 4.35 सेंटिमीटर तेलात बुडून थोडं डोकं हवेत ठेवेल. आपल्याकडची बहुतेक वाळलेली लाकडं, साग असो की कडुलिंब, असंच करतील. रेघेवर थांबायचं तर घनता 0.92 आणि 1 यांच्या मधेच हवी, आणि ती फट फार अरुंद आहे.

त्या फटीत बाभळीला बसवायचं म्हणून मी खालच्या बाजूने सारख्या अंतरावर लोखंडी खिळे ठोकतो, डोकी लाकडात पूर्ण बुडतील असे, आणि काटा 470 ग्रॅम दाखवेपर्यंत ठोकत राहतो. आता घनता 0.94. तेल भरपूर ओतलं की फळी पूर्ण झाकली जाते आणि रेघेवर येऊन थांबते: पाव भाग, म्हणजे सव्वा सेंटिमीटर पाण्यात, पाऊण भाग तेलात. यानंतर कितीही तेल ओता, ती हलत नाही, कारण नव्या तेलाचा भार तळावर जितका वाढतो तितकाच माथ्यावरही वाढतो. पण तेलाचा थर पावणेचार सेंटिमीटरांहून कमी असेल तर माथा हवेत राहतो आणि सूत्र चुकतं. प्रश्नपत्रिकेत ही अट बहुधा लिहिलेली नसते, गृहीत धरलेली असते.

आणखी दहा ग्रॅमचे खिळे ठोकले तर? नुसत्या पाण्यात तरंगणारी फळी दहा ग्रॅमने एक मिलिमीटर खाली जाईल, नजरेला कळणारही नाही. रेघेवर मात्र ती सव्वा सेंटिमीटर उतरते, अर्धी पाण्यात आणि अर्धी तेलात. फळी एक सेंटिमीटर खाली गेली तर तिने तेवढ्या जागेतलं तेल सोडलं आणि पाणी घेतलं, आधाराची वाढ फक्त त्या दोघांच्या फरकाची, शंभरात आठ. एवढ्या तुटपुंज्या आधारावर दहा ग्रॅम पेलायचे तर तिला साडेबारापट खोल जावं लागतं. सोनाराचा काटा जसा गुंजेनेही कलतो, तशी ही रेघ हळवी आहे.

पुस्तकातल्या चित्रात इथे नेहमी घनाकृती ठोकळा सरळ उभा काढतात. सगळ्या बाजू सारख्या आणि आतून एकजिनसी असा ठोकळा अर्धा-अर्धा विभागून रेघेवर सोडून बघा, तो तिरका होतो. सरळ उभं राहणं त्याला जमत नाही, म्हणून मी पसरट फळी वापरतो. तिरका झाला तरी घनफळाचा हिस्सा बदलत नाही, पण मग पट्टीने खोली मोजून हिस्सा काढता येत नाही.

आणि एप्रिल. जानेवारीत 20 अंशांना पाव भाग पाण्यात असलेली तीच 470 ग्रॅमची फळी, तेच तेल, तीच टाकी. लातूरचा उन्हाळा वर्गात शिरतो, टाकी 40 अंशांना पोचते. तेल पाण्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्याची घनता 0.907 च्या आसपास येते, पाण्याची 0.992. फळीचा पाण्यातला हिस्सा पावावरून पाचात दोनच्या जवळ जातो, सव्वा सेंटिमीटरचे दोनला थोडे कमी होतात. कोणी खिळा ठोकलेला नाही की तेल ओतलेलं नाही. टाकीच्या काचेवर मी जानेवारीची आणि एप्रिलची खूण वेगवेगळ्या रंगांनी करून ठेवतो, आणि नव्या बॅचला आधी थर्मामीटर देतो, सूत्र नंतर.