सातवर थांबवण्याचा हट्ट

बरीच वर्षं माझं ठाम मत होतं की सांडपाण्याचा पीएच सांभाळायला एक कंट्रोलर, दोन व्हॉल्व्ह आणि सातचा सेटपॉइंट एवढं पुरे. ॲसिडचा व्हॉल्व्ह एका बाजूला, कॉस्टिकचा दुसऱ्या बाजूला, आणि दोघांना मिळून कंट्रोलरचं एकच आउटपुट. याला आम्ही स्प्लिट रेंज म्हणतो. आउटपुट 4 मिलिअँपिअर असेल तर ॲसिड पूर्ण उघडं, 12 ला दोन्ही बंद आणि 20 ला कॉस्टिक पूर्ण उघडं. कागदावर ही योजना फार देखणी दिसते. कुठे पीएच खाली-वर नाचत असेल तर मी ट्यूनिंगला दोष द्यायचो. मोठाले पिट बांधणारे, त्यात पाणी साठवून सावकाश ढवळणारे लोक मला जुन्या वळणाचे वाटत. आज मी त्यांच्या बाजूचा आहे. मत कसं फिरलं, ते सांगतो.

त्या मताला बळ मिळालं ते अकोल्यात. तिथल्या एका सरकी तेलाच्या रिफायनरीत माझा स्प्लिट रेंज लूप झकास चालला. तेल रिफायनरीचं सांडपाणी दोन्ही टोकांचं असतं. तेलातली आम्लं कॉस्टिकने काढली की साबणाचं अल्कली पाणी निघतं, आणि तो साबणाचा गाळ गंधकाच्या ॲसिडने फोडला की खाली उरणारं पाणी पार आम्लधर्मी असतं. म्हणजे तिथे दोन्ही व्हॉल्व्ह खरोखरच लागतात. पीएच साडेसहा ते साडेसातच्या आत बसून राहायचा. मी ते माझ्या ट्यूनिंगचं यश समजत होतो.

नंतर अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तेच काम आलं. इथलं सांडपाणी बॉयलरसाठीच्या डीएम प्लँटचं होतं. या प्लँटच्या रेझिनमध्ये पाण्यातले क्षार अडकतात. रेझिन भरलं की कॅटायन कॉलम हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतात आणि ॲनायन कॉलम कॉस्टिकने. त्यामुळे आधी तास-दीड तास ॲसिडचं पाणी येतं, मग कॉस्टिकचं. मालक पिट बांधायच्या विचारात होते. जागा आणि सिमेंट वाया जाईल, पाइपातच लूप बसवू, असा सल्ला मी दिला, आणि अकोल्याचीच सेटिंग उचलून इथे लावली.

ट्रेंडवर जे दिसलं ते कोणत्याही ट्यूनिंगला दाद देईना. पीएच चारच्या आसपास काही मिनिटं रेंगाळायचा, मग एकदम दहावर जायचा, तिथे रेंगाळून पुन्हा चारवर. सातवरून जाताना पेनाची रेघ जवळजवळ उभी. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, मीटरची सरासरी सातच येऊन रायली, पण टाक्या तं दोन्ही बी खाली होऊन रायल्या." त्याचं वाक्य म्हणजे या आजाराची अचूक खूण आहे. येणारं पाणी एकाच प्रकारचं असताना ॲसिड आणि कॉस्टिक दोन्ही टाक्यांची पातळी उतरत असेल, तर बाहेरून आलेली गडबड सुधारली जात नसते. लूप स्वतःच गडबड घालत असतो. पडताळा सोपा आहे. कंट्रोलर मॅन्युअलवर टाकायचा. येणारं पाणी तेच असताना डोलणं थांबलं, तर डोलवणारा कंट्रोलरच.

आता कारण. समजा ताशी 20 घनमीटर पाणी येतंय, पीएच 2. त्यात प्रत्येक लिटरमागे 0.01 मोल ॲसिड आहे, म्हणजे ताशी 200 मोल. साधारण चार टक्क्यांचं, म्हणजे जवळपास एक नॉर्मल कॉस्टिक घातलं तर ताशी 200 लिटर लागतील. पीएच 2 वरून 3 वर यायलाच त्यातले 180 लिटर खर्च होतात, 4 वर येईपर्यंत 198. शेवटच्या दोन लिटरमध्ये चार ते सात हा सगळा प्रवास. आणि 6 ते 8 हा जो पट्टा आपल्याला हवा, तो ओलांडायला ताशी फक्त 40 मिलिलिटर पुरतं. टायट्रेशनची ही वक्ररेषा अंजनगाव-परतवाड्याकडून मेळघाटाकडे जाण्यासारखी आहे: पूर्णेचं खोरं मैलोन्‌मैल सपाट, आणि मग समोर एकदम चिखलदऱ्याची भिंत.

व्हॉल्व्ह ताशी 400 लिटरचा घेतला होता, कारण जास्तीत जास्त ॲसिडलाही पुरायला हवा. त्या व्हॉल्व्हसाठी 40 मिलिलिटर म्हणजे पूर्ण उघडण्याचा दहा हजारावा भाग. चांगला पोझिशनर लावूनही व्हॉल्व्हची दांडी पॅकिंगमध्ये थोडी चिकटते आणि मग सुटून उडी घेते. ही उडी एक टक्क्याची धरा. एक टक्का म्हणजे ताशी चार लिटर. सातच्या अर्धा टक्का अलीकडे थांबला तर पीएच 4, अर्धा टक्का पलीकडे थांबला तर 10. ट्रेंडवरचे ते दोन आकडे कुठून आले, ते या गणितात उघड दिसतं. कंट्रोलरला सात हवं होतं, पण व्हॉल्व्हकडे सात नावाची जागाच नव्हती. गेन कमी केला तर सपाट भागात लूप झोपायचा, वाढवला तर भिंतीवर उड्या मारायचा.

त्यात स्प्लिट रेंजची स्वतःची भर होती. 12 मिलिअँपिअरला दोन्ही व्हॉल्व्ह नेमके बंद व्हायला हवेत, पण कॅलिब्रेशन सरकतं. दोन्ही थोडे उघडे राहिले तर विकत घेतलेलं ॲसिड विकत घेतलेलं कॉस्टिक खातं, नुसतं मीठ तयार होतं आणि पाण्याचा टीडीएस चढतो. उलट मध्ये फट पडली, तर ती ओलांडेपर्यंत कंट्रोलरचं आउटपुट नुसतंच सरकत राहतं आणि पलीकडे गेल्यावर जरुरीपेक्षा जास्त ओततं. शिवाय ॲसिड आणि कॉस्टिकची ताकद सारखी नसली, तर व्हॉल्व्हच्या एक टक्क्याचा परिणाम दोन्ही बाजूंना वेगळा. तेव्हा बरोबर मध्यावर फाळणी करणं हीसुद्धा सोय झाली, शास्त्र नव्हे.

मग अकोल्यात तेच का चाललं? या प्रश्नाने माझी समजूत खरी हलली. ती रिफायनरी खारपाण पट्ट्यातलं बोअरचं पाणी वापरायची. अमरावती, अकोला, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्याच्या या पट्ट्यातलं पाणी शेतकऱ्याला छळतं, पिण्याला नकोसं, बॉयलरला तर शत्रूच. पण त्यात भरपूर बायकार्बोनेट असतं. गणितापुरती अल्कलिनिटी लिटरमागे 250 मिलिग्रॅम धरली, तरी पीएच 8 वरून 6 वर यायला त्याच 20 घनमीटरला एक नॉर्मल ॲसिडचे ताशी सदुसष्ट लिटर लागतात. इथे 40 मिलिलिटर, तिथे 67 लिटर. भिंतीचा उतार झाला होता. वर तेलातला डिंक काढायला वापरलेल्या फॉस्फोरिक ॲसिडचा अंश सांडपाण्यात येत होता, आणि फॉस्फेटचा आधार तर नेमका सातच्या आसपासच मिळतो. माझं ट्यूनिंग बरं होतं, पण लूप सांभाळत होतं ते पाणी.

नांदगाव पेठला यातलं काहीच नव्हतं. पाणी मुळात धरणाचं, आणि कॅटायन कॉलममधून उतरल्यावर त्यातल्या बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होऊन तो डिगॅसर टॉवरमध्ये हवेवर उडून गेलेला. राहिलं जवळजवळ निव्वळ तीव्र ॲसिड आणि तीव्र कॉस्टिक.

अकोल्याच्या पाण्याची एक खोडही तेव्हाच कळली. टाकीत ब्लोअरने हवा सोडली की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच आपोआप चढतो. डोसिंगच्या टाकीत पावणेसात, तर शेवटच्या आउटलेटला पावणेआठ. प्रोब बिघडलाय असं समजून लोक तो धूत बसतात. (धुवायला हवाच, साबणाची साय काचेवर बसते, पण कारण ते नव्हे.) आणि जाता जाता, सातचं कौतुक करणाऱ्यांसाठी: आमच्याकडच्या मे महिन्यात 45 अंशांच्या पाण्याचा उदासीन बिंदू 6.7 च्या आसपास असतो.

त्यानंतर मी कंट्रोलरमध्ये वक्ररेषेचं उलट कोष्टक घालून पाहिलं, म्हणजे त्याने पीएच न बघता किती ॲसिड कमी आहे ते बघावं. युक्ती चांगली आहे. पण कोष्टक ज्या पाण्यावर काढलं, त्या पाण्यापुरतंच ते खरं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी तुटलं आणि कारखाना बोअरवर गेला की रेषा बदलते आणि कोष्टक खोटं ठरतं.

शेवटी नांदगाव पेठला पिट बांधला. दोन कप्पे, प्रत्येकात एका रिजनरेशनचं सगळं पाणी मावेल एवढे, आणि खालून ओढून वर सोडणारा रिसर्क्युलेशन पंप. कॅटायनचं ॲसिड पाणी आणि ॲनायनचं कॉस्टिक पाणी आधी एकमेकांतच मुरू देतात. ही साधी गोष्ट माझ्या पाइपातल्या लूपला करताच येत नव्हती. तो ॲसिडच्या पाण्यात विकतचं कॉस्टिक घालायचा आणि तासाभराने कॉस्टिकच्या पाण्यात विकतचं ॲसिड. आता ढवळून झाल्यावर जो उरलेला फरक असेल, तेवढाच छोट्या डोसिंग पंपाने भरतात. 6.5 च्या खाली कॉस्टिक, 8.5 च्या वर ॲसिड, मधल्या पट्ट्यात काहीच नाही. थोडा डोस, दहा मिनिटं ढवळणं, मग पुन्हा मोजणं. सांडण्याची सर्वसाधारण मर्यादा 5.5 ते 9 आहे. कुठे संमतीपत्रात पट्टा अरुंद असतो, पण नेमकं सात कुणीच मागत नाही. तो हट्ट आमचा होता.

स्प्लिट रेंज मी टाकून दिलेलं नाही. अकोल्यात ते आजही आहे. जिथे पाणी सतत वाहतं आणि साठवायला जागा नाही, तिथे दोन टाक्या मागतो: पहिलीत मोठा व्हॉल्व्ह पीएच चारपर्यंत आणतो, दुसरीत त्याच्या कित्येक पट लहान व्हॉल्व्ह उरलेलं काम करतो. पण त्याआधी ब्युरेट. आठवडाभर वेगवेगळ्या पाळ्यांतली बाटलीभर सांडपाण्याची सॅम्पल घ्यायची, थेंबाथेंबाने टायट्रेशन करून सगळ्या रेषा एकाच कागदावर काढायच्या. सातजवळ त्या उभ्या असतील, तर कंट्रोलरच्या कोटेशनआधी पिटचा खड्डा खणायला सांगतो. अकोल्याची ती रिफायनरी आता धरणाच्या पाण्याची जोडणी घ्यायच्या बेतात आहे. बॉयलरवाले खूश आहेत. मी त्यांच्याकडे पिटसाठी जागा मागून ठेवली आहे.