तोळा, ग्रॅम आणि लाल रांग

आमच्या घरात जकातीची एक वही आहे. अम्मीने ती सुरू केली, आता मी सांभाळते. दर रमजानात घरातल्या प्रत्येक बाईचं सोनं त्यात लिहिलं जातं: पाटल्या इतक्या, चेन इतकी, कानातले इतके. साडेसात तोळ्यांचा निसाब म्हणजे 87.48 ग्रॅम, हे मला शाळेतल्या पाढ्यांसारखं पाठ आहे. कारण हा तोळा जुना, 11.66 ग्रॅमचा. रत्नागिरीच्या सराफाकडे गेलात तर तो तोळा म्हणजे 10 ग्रॅम धरतो. एकच शब्द, पण दोन वजनं. या फरकामुळे आमच्या घरी एकदा बराच गोंधळ झाला, आणि मग याच वहीने आम्हाला सोडवलं.

माझी धाकटी बहीण रेहाना शारजाहून कायमची परत यायची होती. गोष्ट डिसेंबर 2024 ची. अकरा वर्षं तिकडे काढली, मुलं तिकडेच शाळेत गेली. निघण्याच्या महिनाभर आधी तिचा फोन आला.

"आपा, बाईला चाळीस ग्रॅम माफ असतं ना? म्हणजे चार तोळे. माझ्या नव्या बांगड्या पाच तोळ्यांच्या आहेत. एक तोळा हातात घालून निघून येईन."

मी म्हटलं, "बांगड्यांचं बिल वाच आधी. तोळ्यात नको, ग्रॅममध्ये सांग."

बिलावर 60 ग्रॅम होते. तिकडच्या तोळ्याने पाचाहून थोडे जास्त, आपल्या सराफाच्या तोळ्याने सरळ सहा. कस्टम्सवाला तोळा मोजत नाही. तो ग्रॅम मोजतो.

पण खरी गंमत पुढे होती. तेव्हा लागू असलेल्या 2016 च्या बॅगेज नियमांत चाळीस ग्रॅमच्या शेजारी आणखी एक अट होती आणि लोक ती वाचतच नसत. एक वर्षाहून जास्त परदेशात राहून येणाऱ्या बाईला 40 ग्रॅमपर्यंतचे दागिने माफ, पण किंमत 1,00,000 रुपयांच्या आत. पुरुषाला 20 ग्रॅम, किंमत 50,000 च्या आत. सोन्याचा भाव अडीच हजार होता तेव्हा ही दोन्ही टोकं जुळत होती. डिसेंबर 2024 मध्ये ग्रॅमला सात हजार धरले तर एक लाखात जेमतेम चौदा ग्रॅम बसत होतं. म्हणजे चाळीस ग्रॅम हे कागदावरच. कितीतरी बायका चाळीस ग्रॅम समजून निर्धास्त हिरव्या रांगेतून गेल्या आणि अडकल्या. आमच्याच नात्यातली एक मुलगी त्यांत होती. बांगड्या जप्त झाल्या, सोडवायला ड्युटीवर दंड भरावा लागला, आणि शिवाय चोर ठरल्याचा सल अजून तिच्या मनातून गेलेला नाही.

म्हणून आम्ही दोघींनी फोनवर हिशेब मांडला. साठ ग्रॅम, सात हजारांनी 4,20,000 रुपये. त्यातले एक लाख माफ. उरले 3,20,000. आता यावर ड्युटी किती, हे येणारा माणूस किती काळ बाहेर होता यावर ठरतं. भारतीय पासपोर्टवाला सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिलेला असेल, आणि मधल्या फेऱ्यांचे दिवस मिळून तीसच्या आत असतील, तर त्याला सोनं सवलतीच्या दराने आणता येतं. दागिने धरून एक किलोपर्यंत. 2024 च्या जुलैत हा दर 15 वरून 6 टक्क्यांवर आला होता. रेहाना आधीच्या खेपेला सप्टेंबर 2023 मध्ये येऊन गेली होती, त्यामुळे तिचं वर्षही भरलं होतं आणि सहा महिनेही. 3,20,000 वर 6 टक्के म्हणजे 19,200 रुपये. तेच ही सवलत नसती तर 38.5 टक्क्यांनी 1,23,200 रुपये झाले असते.

यात दोन मेखा आहेत. ही सवलतीची ड्युटी परकीय चलनात भरायची असते. मी रेहानाला सांगितलं, पर्समध्ये हजार दिरहम वेगळे ठेव, शारजात सगळे खर्चून येऊ नकोस. 19,200 म्हणजे तेव्हा साधारण 835 दिरहम होत होते. दुसरी मेख खड्यांची. खडे आणि मोती जडवलेले दागिने या सवलतीत बसत नाहीत. तिला एक मोत्यांचा सेटही घ्यायचा होता. तो तिने घेतला नाही, आणि त्याबद्दल ती अजून मला टोमणे मारते.

उमऱ्याहून येणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. पंधरा-वीस दिवसांसाठी गेलेल्या माणसाला वर सांगितलेली ना दागिन्यांची माफी मिळते, ना सहा टक्के. त्याच्या वाट्याला येते ती फक्त सर्वसाधारण सामानाची माफी, आणि तिच्यातही सोन्याचं बिस्किट किंवा नाणं बसत नाही. मक्केच्या बाजारात भाव बघून हात सैल सोडणाऱ्या कितीतरी हाजी मंडळींना हे विमानतळावरच कळतं.

नव्या बांगड्यांचं ठरलं. जुन्या दागिन्यांची मला जास्त काळजी होती. निकाहात अम्मीने दिलेल्या पाटल्या, गळ्यातलं आणि झुमके, सगळं मिळून सत्तर ग्रॅम. 2013 मध्ये हे सगळं ती इथूनच घेऊन गेली होती. जाताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेतलं असतं तर प्रश्नच नव्हता. त्यावर दागिन्यांचं वर्णन आणि वजन असतं, आणि परत येताना ते दाखवलं की काम होतं. पण नव्या नवरीच्या निरोपाच्या गडबडीत कोणाला आठवणार? आमच्यापैकी कोणाला असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

तेव्हा मी वही काढली. 2013 च्या रमजानच्या पानावर अम्मीच्या हातची नोंद होती: रेहानाच्या पाटल्या दोन, वजन 38.4. पुढे गळ्यातलं, झुमके. सराफाचं पिवळं पडलेलं बिल अब्बांच्या ट्रंकेत सापडलं. निकाहाच्या अल्बममधला एक फोटो, ज्यात पाटल्यांची नक्षी स्पष्ट दिसते, तोही घेतला. पाटल्यांच्या आत भारतीय हॉलमार्कचा त्रिकोण होता, तिकडच्या दागिन्यांवर तो नसतो. हे सगळं मी तिला व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि प्रिंट काढून आणायला सांगितलं. हे सर्टिफिकेटची जागा घेत नाही. पण अंगावरचा वापरातला दागिना आणि हातातला कागद एकमेकांशी जुळले तर अधिकाऱ्याला विश्वास ठेवायला काहीतरी मिळतं.

निघायच्या दोन दिवस आधी वेगळंच संकट आलं. तिच्या मिस्टरांच्या ओळखीचा एक जण, शेजारच्याच गावचा, एक छोटं पाकीट घेऊन आला. "भाईजान, एवढी चेन आमच्या घरी पोचवा. तुमचं माफ असतंच ना." माणूस भला, अडीअडचणीला धावलेला. रेहानाचा नवरा "बरं" म्हणून मोकळा झाला. तिने मला रात्री बाराला फोन केला. मी म्हटलं, विचारतील तेव्हा काय सांगणार? चेन कोणाची, बिल कोणाच्या नावाचं? माफी असते ती प्रवाशाच्या स्वतःच्या सामानाला. दुसऱ्याचं सोनं आपलं म्हणून आणलं की आपण त्याचे कुरिअर होतो, आणि मग आपल्या खऱ्या बांगड्यांवरही संशय येतो. सकाळी तिने स्वतः जाऊन पाकीट परत केलं. त्या घराशी काही महिने बोलणं बंद होतं. तेही खरं.

सामान बांधणं त्यामानाने सोपं. सोनं कधीही चेक-इन बॅगेत टाकायचं नाही. हरवलं तर विमान कंपनी मौल्यवान वस्तूंची जबाबदारी घेत नाही, तिकिटाच्या अटींतच ते लिहिलेलं असतं. रेहानाने आधी स्टीलच्या डब्यात ठेवलं होतं. मी नको म्हटलं. एक्स-रेत धातूच्या डब्यातलं नीट दिसत नाही आणि मग सगळ्यांसमोर उघडावा लागतो. साबणाच्या प्लॅस्टिकच्या डब्या घेतल्या, प्रत्येकीत एक दागिना, झिपच्या पिशवीत, सोबत त्याचं बिल. बांगड्या रुमालात गुंडाळून, म्हणजे दबत नाहीत. सगळं एकाच हँडबॅगेत, जी बाथरूमलाही सोबत जाते. मुलांच्या दप्तरात नाही, कपड्यांच्या अस्तरात तर मुळीच नाही. दडवलेलं सापडलं की "मी सांगणारच होते" याला काही अर्थ उरत नाही.

मुंबईला उतरल्यावर ती लाल रांगेकडे वळली. तिच्या मिस्टरांना शरम वाटत होती, लोक बघतात म्हणून. अधिकाऱ्याने बांगड्या वजन केल्या. 59.8 भरल्या. भाव त्याने बिलावरून धरला नाही. सरकार दर पंधरवड्याला सोन्याची ठरावीक किंमत जाहीर करतं, त्यावरून काढला, त्यामुळे रक्कम आमच्या हिशेबापेक्षा जराशी वेगळी आली. पाटल्यांबद्दल त्याने विचारलं. तिने फोटो आणि वहीच्या पानाची प्रिंट पुढे केली. उर्दूतली नोंद बघून तो म्हणाला, "हे काय लिहिलंय?" तिने वाचून दाखवलं. त्याने पाटली उलटी करून त्रिकोण पाहिला आणि परत दिली. पाऊण तास लागला. पावती घेऊन बाहेर आली तेव्हा मुलं झोपेने पेंगत होती.

2 फेब्रुवारी 2026 पासून नवे बॅगेज नियम लागू झाले आणि ती किंमतीची अट गेली. आता वर्षाहून जास्त राहून येणाऱ्या बाईला 40 ग्रॅम आणि इतरांना 20 ग्रॅम, भाव काहीही असो. रेहानाच्या साठ ग्रॅमपैकी वीसच ग्रॅमवर ड्युटी बसली असती. त्याच भावाने आणि त्याच सहा टक्क्यांनी 8,400 रुपये. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "वर्षभर थांबले असते तर मोत्यांचा सेट निघाला असता." दर मात्र सरकार केव्हाही बदलतं, तेव्हा तिकीट काढाल त्या आठवड्यात कस्टम्सच्या साइटवर एकदा बघून घ्या.

या रमजानच्या आधी अम्मीला भावाकडे दोह्याला जायचं होतं, हातात तिच्या पाटल्या. या वेळी आम्ही विमानतळावर दोन तास आधी पोचलो, सराफाकडून वजन आणि किंमतीचा दाखला घेऊन. काउंटरवरच्या मुलाने पाटल्या तोलल्या, फोटोशी ताडून पाहिल्या, सर्टिफिकेटवर शिक्का मारला. अम्मीने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मला म्हणाली, "याची एक झेरॉक्स वहीत चिकटव."

चिकटवली आहे, रेहानाच्या पावतीच्या शेजारी.