सरासरी साठ, तरी जॅब हुकतो

बीड, 8 एप्रिल 2025

जालना रोडवरच्या गेमिंग पार्लरचा मालक दुपारी दोन सीपीयू रिक्षात घालून घेऊन आला. वयाने माझ्या पुतण्याएवढा. म्हणाला, "काका, टेक्कनमध्ये साठ दाखवतंय, गाड्यांच्या गेममध्ये नव्वद. तरी पोरं म्हणतात, मशीन अडकतंय, पैसे परत द्या."

पोरं खोटं बोलत नाहीत. कोपऱ्यात दिसतो तो सरासरीचा आकडा, आणि सरासरीत झटका विरघळून जातो. एका सेकंदात 80 फ्रेम आल्या असं धरू. त्यातल्या 79 फ्रेमना साडेअकरा मिलिसेकंद लागले आणि एकीला साडेएक्क्याण्णव. बेरीज बरोबर एक सेकंद, आकडा 80, आणि त्या एका फ्रेमपुरतं खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र थिजलेलं. गाडी ताशी 180 किलोमीटरने चालली असेल तर तेवढ्यात साडेचार मीटर पुढे जाते. असेटो कोर्सासारख्या गेममध्ये गाडीचं गणित सेकंदाला 333 वेळा होतं, चित्र निघो वा न निघो. म्हणजे गाडी पळत राहते, फक्त ड्रायव्हरला दिसत नाही. चित्र परत येतं तेव्हा ब्रेकची जागा मागे गेलेली असते, आणि घाबरून स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त वळवलं जातं.

फ्रेम मोजण्यापेक्षा प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजा, हे अमेरिकेतल्या स्कॉट वॉसन यांनी 'टेक रिपोर्ट'मध्ये 2011 साली मांडलं. आज कॅपफ्रेमएक्स हे फुकटचं साधन तेच काम करतं. दोन्ही मशीनवर ते टाकून ठेवलं.

10 एप्रिल

टेक्कन 8 च्या मशीनपाशी संध्याकाळ गेली. हा गेम 60 फ्रेमलाच बांधलेला आहे, एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद. सगळा खेळ याच मापात मोजतात. साधा जॅब दहाव्या फ्रेमला लागतो. समोरच्याचा जो फटका अडवल्यावर तो दहा फ्रेम मागे पडतो, त्याला शिक्षा द्यायला तेवढीच फट असते, पावणेदोनशे मिलिसेकंदांपेक्षाही कमी.

पार्लरमधला कॉलेजचा एक मुलगा सोबत आला होता, काझुया खेळतो. इलेक्ट्रिक काढून दाखव म्हटलं. पुढे, स्टिक मोकळी, खाली, मग खाली-पुढे आणि उजवा मुक्का एकाच फ्रेममध्ये. त्याचा हात पक्का आहे. सरावाच्या रिकाम्या मैदानात ओळीने निघत होते. गर्दीच्या, ठिणग्यांच्या स्टेजवर गेलो की मध्येच एखादा साधा मुक्का बाहेर यायचा. "बघा काका, मी तर बरोबरच दाबलं!"

बरोबरच दाबलं होतं. अशा गेममध्ये बटणं साधारणपणे फ्रेमला एकदाच वाचली जातात. एक फ्रेम 70 मिलिसेकंद अडकली तर तेवढ्या वेळात स्टिक मोकळी झाली, खाली गेली, तिरकी झाली. गेमला त्यातली शेवटची स्थितीच दिसते. मधल्या दोन पायऱ्या त्याच्या लेखी घडल्याच नाहीत. आलेखात त्या क्षणी उभा सुळका होता, आणि कोपऱ्यातला आकडा 59.

12 एप्रिल

सुळक्याचं कारण शोधताना त्याचा आकार बघावा लागतो. एखादा फटका पहिल्यांदाच दिसताना झटका बसला आणि दुसऱ्यांदा बसला नाही, तर शेडर तयार होत होते. थोडं खेळल्यावर ते आपोआप जातं. फ्रेमचा वेळ हळूहळू वाढत गेला आणि पंखा बोंबलायला लागला, तर मशीन तापून मंदावलंय. इथे दोन्ही नव्हतं. कॅमेरा फिरला, की दरवेळी सुळका.

टास्क मॅनेजर उघडला. `Dedicated GPU memory` चारपैकी जवळजवळ चार जीबी भरलेली, आणि खालचा `Shared GPU memory` चा आकडा चढत होता. कार्डात न मावलेलं सामान मशीनच्या रॅममध्ये जाऊन बसलेलं. ते लागेल तेव्हा आणायचा रस्ताही अरुंद: स्वस्तातलं कार्ड, जोडणीच्या चारच लेन, आणि प्रोसेसर पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा. चार लेनमधून सेकंदाला जेमतेम चार जीबी येतात, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात साधारण 65 एमबी. त्याहून जास्त लागलं की फ्रेम थांबलीच. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग याच्या तीसपटीहून जास्त आहे, म्हणून बाकी सगळ्या फ्रेम सुखाने निघतात आणि सरासरी छान दिसते.

टेक्स्चर दोन पायऱ्या खाली आणलं. मेमरी साडेतीन जीबीच्या आत आली, सुळके गेले. पोराला वाटलं होतं रिझोल्युशन कमी करावं लागेल. त्याला हात लावला नाही.

14 एप्रिल

जयंती, दुकान बंद. मिरवणुकीच्या आधी पार्लरवाला घरी येऊन गेला. त्याला एक नवीनच तक्रार: सुळके गेले, तरी 144 हर्ट्झच्या नव्या मॉनिटरवर जुन्या 60 च्या मॉनिटरइतकं गुळगुळीत वाटत नाही. हे गणिताचं आहे. 144 ला 60 ने भाग जात नाही, 2.4 येतात. मग व्ही-सिंक चालू असताना एक फ्रेम पडद्यावर दोन फेऱ्या राहते, दुसरी तीन, 13.9 मिलिसेकंद, मग 20.8. कार्ड अगदी वेळेवर फ्रेम देतंय, पडदा ती वेडीवाकडी दाखवतोय. मॉनिटर 120 हर्ट्झवर ठेव, प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन फेऱ्या मिळतील, असं सांगितलं. रात्री फोन आला, एकदम मस्त झालं म्हणून.

जुन्या व्हिडिओ पार्लरमध्ये केओएफ 97 खेळलेल्या आमच्या पिढीला हा प्रश्न माहीतच नव्हता. त्या पेटीत गेम आणि पडदा एकाच ठेक्यावर, सेकंदाला सुमारे 59 वेळा चालायचे.

19 एप्रिल

गाड्यांच्या मशीनचं दुखणं वेगळं. असेटो कोर्सात एकट्याने फिरलं की आलेख सपाट, वीस गाड्यांची शर्यत सुरू झाली की पहिल्या वळणाला करवतीचे दात. ग्राफिक कार्ड तेव्हा निम्मं रिकामं होतं, म्हणजे प्रोसेसर पुरा पडत नव्हता. उघडून पाहिलं तर रॅमची एकच कांडी. जोडीची कांडी आणून प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दोन्ही बसवल्या. दात बोथट झाले, गेले नाहीत. मग रिवाट्यूनरने 72 फ्रेमची मर्यादा घातली. मॉनिटर 144 चा, त्यामुळे इथेही प्रत्येक फ्रेमला दोन फेऱ्या. नव्वदचे बहात्तर झाले म्हणून मालकाचा चेहरा पडला, पण चालवायला बसलेला मुलगा उठायला तयार नव्हता.

मालकाने विचारलं, फ्रीसिंकचा मॉनिटर घेतला तर? घ्यावा. पन्नास-साठच्या मधली चढउतार तो झाकतो, कारण फ्रेम तयार होईल तेव्हा पडदा बदलतो. पण 90 मिलिसेकंद फ्रेमच आली नाही तर तो तरी काय दाखवणार?

2 मे

ऊन 40 च्या वर. तिसऱ्या मशीनची यादी करून दिली. लढाईच्या गेमसाठी महागडा प्रोसेसर नको; 8 जीबीचं, निदान आठ लेनचं कार्ड, रॅमच्या दोन कांड्या, एसएसडी, पुढून हवा घेणारी कॅबिनेट. गाड्यांसाठी मात्र पैसा प्रोसेसरमध्ये घालायचा: रायझेन 7 5700एक्स3डी. त्यात 96 एमबी एल-3 कॅश आहे, साध्या 5600 मध्ये 32. वीस गाड्यांची माहिती प्रोसेसरच्या जवळच राहते, दरवेळी रॅमकडे जावं लागत नाही, आणि त्याचा फायदा सरासरीपेक्षा सगळ्यात हळू फ्रेमना जास्त होतो. मालकाच्या जुन्या एएम4 बोर्डावर तो बसेल, पण बायोस आधी अपडेट करायचा, जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच. नव्यात आतलं ग्राफिक नाही, त्यामुळे कार्ड लावलेलंच राहू दे, हेही यादीवर लिहिलं.

"काका, एवढ्यात पीएस5 येत नाही का?" त्याने विचारलं. टेक्कनपुरता तो हिशोब चुकीचा नाही. तिथे प्रत्येक डब्यात तेच हार्डवेअर असतं आणि गेम त्यालाच मापून बनवलेला असतो. पण त्याला वीस गाड्यांची असेटो कोर्सा आणि स्वतःचे मॉड टाकलेले ट्रॅक हवेत, म्हणून पीसीच ठरला. प्रोसेसर पुण्याहून मागवायचा आहे.