पाइप जिथे संपतो

बारावीच्या गणितात दोन रेषांमधलं लघुतम अंतर काढायला शिकवतात. दोन्ही रेषांना लंब असलेली दिशा शोधायची आणि त्या दिशेने मोजायचं. सूत्र बिनचूक आहे, पण त्यातल्या रेषांना शेवट नसतो. मी कारखान्यांच्या पाइपिंगमधले ‘क्लॅश’ शोधणारं सॉफ्टवेअर लिहितो, आणि आमचे पाइप कुठेतरी संपतात. सगळी गुंतागुंत त्या टोकांपाशी आहे.

सरळ पाइप आम्ही दोन गोष्टींत मांडतो : मधला अक्ष, म्हणजे एक रेषाखंड, आणि त्याभोवतीची त्रिज्या. दोन अक्षांमधलं कमीत कमी अंतर त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा कमी भरलं की क्लॅश. यात टोकं सपाट न राहता गोल धरली जातात, त्यामुळे टोकांपाशी कधीकधी नाहक इशारा मिळतो. तो चालतो, खरी टक्कर सुटलेली चालत नाही.

चार इंची दोन पाइप घेऊ. बाहेरचा व्यास ११४.३ मिमी, वर ५० मिमी इन्सुलेशन. त्रिज्यांची बेरीज २१४.३ मिमी. पहिल्याचा अक्ष (०, ०, ०) पासून (४००, ०, ०) पर्यंत. दुसरा १०० मिमी वरून, ४५ अंशांत तिरका जाणारा : (३००, ३००, १००) पासून (७००, −१००, १००) पर्यंत. प्रत्येकावरची जागा एका आकड्याने सांगू. पाइपच्या सुरुवातीला ०, शेवटी १. पहिल्याचा आकडा s, दुसऱ्याचा t.

बारावीचं सूत्र s = १.५ आणि t = ०.७५ देतं. १.५ म्हणजे पाइप संपल्यानंतर २०० मिमी पुढे, जिथे पाइपच नाही. मग सहज सुचणारा उपाय म्हणजे s मागे ओढून १ करायचा आणि t तसाच ठेवायचा. बिंदू मिळतात (४००, ०, ०) आणि (६००, ०, १००), अंतर २२३.६ मिमी. म्हणजे ९ मिमी मोकळे, सगळं ठीक. प्रत्यक्षात मात्र पहिला बिंदू हलला की त्याचा दुसऱ्या पाइपवरचा जोडीदारही हलतो. (४००, ०, ०) वरून दुसऱ्या अक्षावर नव्याने लंब टाकला तर t = ०.५ येतो, बिंदू (५००, १००, १००), अंतर १७३.२ मिमी. इन्सुलेशन ४१ मिमी एकमेकांत घुसलेलं आहे, आणि इथे टोक सपाट धरलं तरी टक्कर टळत नाही.

म्हणून क्रम असा : s काढा, ० ते १ मध्ये बसवा, त्या s साठी t काढा, t बाहेर गेला तर तोही बसवा आणि s पुन्हा काढून पुन्हा बसवा. इथे थांबायचं. s आणि t बदलताना अंतराचा वर्ग एखाद्या वाटीसारखा वागतो, त्याला तळ एकच. तळ हद्दीबाहेर असेल तर उत्तर हद्दीच्या कडेवर असतं, आणि कडेवरचा सर्वांत खोल बिंदू वेगळा शोधावाच लागतो.

t तसाच ठेवण्याची चूक वर्षानुवर्षं दडून राहू शकते, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दोन पाइप काटकोनात असतील तर s आणि t एकमेकांवर अवलंबून नसतात, आणि चुकीची पद्धतही अगदी बरोबर उत्तर देते. कारखान्यातले बहुतेक पाइप काटकोनातच फिरतात. त्यामुळे चाचणीत एकतरी ४५ अंशांची शाखा, तीही दुसऱ्या पाइपच्या टोकापुढून जाणारी, मी हट्टाने घालतो.

समांतर पाइपांची अडचण वेगळी. s काढताना `a*e - b*b` ने भागावं लागतं. `a` आणि `e` हे लांबींचे वर्ग, `b` दोन दिशांचा अदिश गुणाकार. पाइप समांतर असले की ही संख्या शून्य होते. तेव्हा सर्वांत जवळच्या जोड्या अनेक असू शकतात, पण अंतर एकच असतं; म्हणून s = ० धरून पुढचा क्रम तसाच चालवला तरी उत्तर बरोबर येतं.

फसगत होते ती ‘जवळजवळ समांतर’ मध्ये. ड्रेन लाइनला शंभरास एक उतार दिला आणि शेजारून आडवा पाइप नेला, दोन्ही तुकडे एकेक मीटरचे. मीटरमध्ये मोजलं तर ती संख्या सुमारे ०.०००१ येते, मिलिमीटरमध्ये दहा कोटी. कुणी ‘०.००१ पेक्षा लहान म्हणजे समांतर’ अशी अट लिहिली असेल, तर मीटरमध्ये हा उतारच नाहीसा होतो, सुरुवातीच्या टोकाचं अंतर उत्तर म्हणून येतं आणि १० मिमीपर्यंत चूक होते. म्हणून मी ती संख्या `a*e` ने भागून पाहतो. मग एकक काहीही असो, उरतो फक्त कोनाच्या साइनचा वर्ग. तो १०⁻¹² पेक्षा लहान असेल तरच समांतर धरतो. एवढ्या कोनाने सहा मीटरच्या पाइपला जास्तीत जास्त ०.००६ मिमी फरक पडतो. तेव्हाही एकाच टोकावर न विसंबता चारही टोकांवरून समोरच्या रेषाखंडापर्यंतची अंतरं काढतो आणि त्यांतलं सर्वांत लहान घेतो.