पोटातील जीव आणि रोजची गोळी

गरोदर स्त्रीच्या पोटात औषध जाऊ नये, ही समजूत आपल्या घराघरांत इतकी खोल रुजलेली आहे की तिच्याविषयी कोणी प्रश्नच विचारीत नाही. ताकात मीठ घालावे इतक्या सहजतेने वडीलधारी माणसे सांगून जातात, "आता नऊ महिने गोळ्या बंद." साध्या डोकेदुखीच्या गोळीपुरता हा सल्ला पुष्कळदा शहाणपणाचा असतोही. परंतु ज्या स्त्रीला अपस्मार आहे, म्हणजे ज्याला आपण फेफरे किंवा मिरगी म्हणतो तो विकार आहे, तिच्या बाबतीत हाच सल्ला आई आणि मूल या दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. आमच्या भाचीच्या घरी गेल्या वर्षी घडले ते आज तिच्या संमतीने येथे मांडीत आहोत.

भाचीला तेराव्या वर्षापासून झटके येत. पुढे बेळगावच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी तिला लॅमोट्रिजिन नावाचे औषध सुरू केले. सकाळी १०० मिलिग्रॅम आणि रात्री १०० मिलिग्रॅम, असा तिचा नेम होता आणि त्या नेमावर तीन वर्षे एकही झटका आला नव्हता. लग्न झाले, दीड वर्षाने पाळी चुकली. तपासणीत सातवा आठवडा चालू असल्याचे कळले. घरात आनंद झाला आणि त्याच रात्री सासूबाईंनी मायेपोटी गोळ्यांची डबी कपाटात ठेवून दिली. "बाळाचे डोके, हातपाय आता घडताहेत, त्याला हे विष नको," एवढेच त्यांचे म्हणणे. सुनेलाही ते पटले, कारण गोळीच्या पाकिटातील चिठ्ठीवर गरोदरपणाविषयी इशारा छापलेला तिने स्वतः वाचला होता.

येथे एक गोष्ट शांतपणे समजून घेतली पाहिजे. गर्भाच्या मेंदूचा आणि कण्याचा जो मूळ नळीसारखा आकार असतो, तो गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत मिटून पूर्ण होतो. शेवटच्या पाळीपासून मोजले तर हा सहावा आठवडा होतो. म्हणजे पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची खात्री पटते, तेव्हा ही नळी मिटून गेलेली असते. तिला जे काही व्हायचे ते होऊन चुकलेले असते, आणि सातव्या आठवड्यात गोळी टाकून दिल्याने ते पुसले जात नाही. हृदयादी इतर अवयवांची घडण पुढे काही आठवडे चालू असते हे खरे, पण त्यासाठी गोळी अचानक बंद करण्यात जो धोका आहे तो या लाभाहून पुष्कळ मोठा आहे.

शिवाय सर्व औषधे एका मापाची नाहीत. अपस्माराची औषधे घेणाऱ्या गरोदर स्त्रियांची 'युरॅप' नावाची आंतरराष्ट्रीय नोंदणी आहे. तिचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की लॅमोट्रिजिन घेणाऱ्या मातांच्या १०० बाळांपैकी सुमारे ३ बाळांत मोठे जन्मजात व्यंग आढळले. कोणतेही औषध न घेणाऱ्या स्त्रियांतही हे प्रमाण साधारणपणे शेकडा २ ते ३ असते. लेव्हेटिरॅसिटॅमचे प्रमाणही असेच अल्प होते. उलट व्हॅल्प्रोएट या औषधावर मात्र ते शेकडा १० पर्यंत गेले. व्हॅल्प्रोएटमुळे पुढे मुलाच्या बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो, असे दीर्घ पाहणीत दिसून आले आहे. म्हणून लग्नाच्या वयाच्या मुलीला व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर दिवस जाण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलण्याचा विचार व्हावा. दिवस गेल्यावर कळले तर त्याच आठवड्यात तज्ज्ञांकडे जावे, पण तोवर तीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. बदलायचे ते डॉक्टर बदलतील, आणि बदलताना दुसरे औषध हाताशी ठेवूनच बदलतील.

आता गोळी बंद केल्यावर काय होते ते पाहू. पहिले पाचसहा दिवस भाचीला काहीच झाले नाही, आणि सासूबाईंना वाटले की रोग गेलाच होता. वस्तुतः रक्तातील औषध हळूहळू ओसरत होते. सातव्या दिवशी सकाळी दात घासताना तिच्या हाताला एकदोन हिसके बसले, ब्रश खाली पडला. तिने ते कोणाला सांगितले नाही. हीच खूण होती. नवव्या दिवशी स्वयंपाकघरात तिला मोठा झटका आला. ती पोटावर न पडता कुशीवर पडली, आणि शेगडी पेटलेली नव्हती, ही देवाची कृपा.

मोठ्या झटक्यात श्वास काही काळ नीट चालत नाही. आईच्या रक्तातील प्राणवायू घटतो, तसा बाळाकडे जाणाराही घटतो, आणि अशा वेळी बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावल्याचे डॉक्टरांनी पाहिलेले आहे. पडून पोटाला मार बसण्याची भीती निराळीच. एकामागून एक झटके येत राहिले तर दोघांचाही प्राण जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करून अहवाल काढतात. त्यांत अपस्मारामुळे दगावलेल्या बहुतेक माता अकस्मात मृत्यूने, म्हणजे कित्येकदा झोपेतच, गेल्याचे नमूद आहे, आणि त्यांतील अनेकींचे झटके आटोक्यात नव्हते. याउलट गर्भधारणेपूर्वी निदान नऊ महिने झटका न आलेल्या स्त्रियांपैकी शेकडा ८४ ते ९२ जणी गरोदरपणातही झटक्यावाचून राहतात. भाची या भाग्यवंत गटातच होती. डबी कपाटात गेली आणि ती त्यातून बाहेर पडली.

रुग्णालयात आम्ही गेलो तेव्हा घरच्यांची अपेक्षा अशी की डॉक्टर जुनी गोळी पुन्हा देतील आणि प्रकरण मिटेल. पण डॉक्टरांनी सांगितले ते ऐकून आम्हीही चकित झालो. लॅमोट्रिजिन सुमारे पाच दिवसांहून अधिक काळ सुटले, तर ते पूर्वीच्या पूर्ण मात्रेने एकदम सुरू करता येत नाही. तसे केल्यास अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा, कातडी सोलून निघण्यापर्यंत मजल जाण्याचा धोका असतो. म्हणून त्यांनी पहिले दोन आठवडे दिवसाला २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, आणि मग पायरीपायरीने वाढवीत सातव्या आठवड्यात २०० वर आणले. या मधल्या काळात ती उघड्यावर पडू नये म्हणून लेव्हेटिरॅसिटॅम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिले, आणि जुने औषध पूर्ण मात्रेवर आल्यावर तेही हळूहळू कमी करून थांबविले. नऊ दिवसांच्या खंडाची किंमत अशी सात आठवड्यांची झाली, आणि ज्या बाळाला एक औषध टाळायचे होते त्याला दोन औषधे घ्यावी लागली.

"डॉक्टर, मग आता पूर्वीइतकीच मात्रा शेवटपर्यंत चालेल ना?" भाचीने विचारले.

"नाही, बाई. ती वाढवावी लागेल," ते म्हणाले. "गरोदरपणात तुझे शरीर हे औषध फार वेगाने बाहेर टाकते. गोळी तीच राहिली तरी रक्तातले प्रमाण निम्म्यावर येऊ शकते."

हे ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. परंतु दर महिन्याला रक्तातील औषधाचे प्रमाण तपासून डॉक्टरांनी पाचव्या महिन्यात मात्रा दीडशे-दीडशे केली आणि सातव्या महिन्यात दोनशे-दोनशे. वाढत्या मात्रेने बाळावर अधिक औषध लादले जात नव्हते, तर रक्तात पूर्वी जेवढे होते तेवढेच ते टिकविले जात होते. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी चालू होती. ती खरे म्हणजे दिवस जाण्यापूर्वीच सुरू करावयाची असते, आणि अपस्मार असलेल्या स्त्रियांना डॉक्टर ती पुष्कळदा ५ मिलिग्रॅमची देतात.

बाळंतपणानंतरचा टप्पाही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रसूती होताच शरीर पुन्हा पूर्वपदावर येते आणि औषध बाहेर टाकण्याचा वेग थोड्याच दिवसांत मंदावतो. वाढवलेली मात्रा तशीच राहिली तर औषध अंगात साचते. एका वस्तूच्या दोन दिसणे, चालताना तोल जाणे, घेरी येणे, या त्याच्या खुणा होत. म्हणून भाचीची मात्रा तिसऱ्या दिवसापासून उतरवीत दोन आठवड्यांत सव्वाशे-सव्वाशेवर आणली. पूर्वीपेक्षा थोडी अधिक ठेवली, कारण तान्ह्या बाळापायी झोपमोड होते आणि झोपमोड हे झटक्याचे मोठे निमंत्रण आहे. रात्रीचे एक पाजणे काढून ठेवलेल्या दुधावर जावई सांभाळतात. बाळाला अंगावरचे दूध देण्यास डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. बाळ फार झोपाळू किंवा दूध ओढण्यास मंद वाटले तर दाखवा, एवढे मात्र बजावले. बाळाला आंघोळ घालताना भाची एकटी नसते, आणि त्याचे कपडे ती जमिनीवर चटई पसरून बदलते.

ज्यांच्या घरी अशी सून किंवा लेक असेल त्यांनी झटक्याच्या वेळी काय करावे, तेही सांगून ठेवतो. तिला कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला साराव्यात, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, पाणी काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. गरोदर स्त्रीला झटका आला की तो थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट रुग्णालय गाठावे. पाचव्या महिन्यानंतरचा झटका, विशेषतः डोके ठणकत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, चेहरा-हात सुजले असतील, तर तो जुन्या अपस्माराचा नसून रक्तदाबाचा असू शकतो. त्याचे औषध निराळे आहे आणि ते रुग्णालयातच मिळते. तेथे एक क्षणही दवडू नये.

भाचीला मुलगा झाला, तीन किलोला थोडा कमी. आता सासूबाई रोज रात्री आठच्या ठोक्याला स्वतः पाण्याचा पेला आणि गोळी सुनेपुढे धरतात. गोळीविषयी शंका आली तर गोळी घेऊनच डॉक्टरांकडे जावे. उत्तर मिळेपर्यंत रोजचा नेम मोडू नये, हे त्यांनी आता शेजारच्या चार घरांत सांगितले आहे.