"आज थोडं थांबा" म्हणजे नक्की किती?

माळेगाव एमआयडीसीत फायनल इन्स्पेक्शनला मी लाईन लीडर आहे. हाताखाली आठ जण. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाला 9 ऐवजी 12 तासांपर्यंत काम घ्यायला मंजुरी दिली. तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 115 वरून 144 तास. त्यावर बरंच बोलून झालं. पण त्यात एक अट आहे, कामगाराची लेखी संमती. ही संमती घेताना समोर मंत्री नसतो, मालकही नसतो. माझ्यासारखा लाईन लीडर असतो. म्हणून हे लिहितोय.

मागच्या महिन्यातली गोष्ट. चाकणच्या गिऱ्हाइकाला त्याच रात्री 1800 नग द्यायचे होते. मशीन शॉपकडून माल आमच्याकडे उशिरा आला. प्रत्येक नगाचा आटा गो-नो-गो गेजने तपासायचा. एक माणूस तासाला 90 नग काढतो, म्हणजे आठ जणांचं अडीच तासांचं काम. पण सकाळी सातला आलेला माणूस साडेतीननंतर 90 काढत नाही. 75 धरा. मग होतात तीन तास, साडेसहा वाजेपर्यंत.

हा हिशेब मी जेवणाच्या सुट्टीआधीच सांगितला. सव्वातीनला सांगितलं असतं तर ते विचारणं झालं नसतं, अडवणं झालं असतं. कारण तोवर घरी फोन करायला, पोराला शाळेतून कोण आणणार ते ठरवायला वेळच उरत नाही. म्हटलं, "उशीर तुमच्यामुळे झालेला नाही, तरी भार तुमच्यावर येतोय. साडेसहाला काम बंद, उरलं तरी बंद. चहा-नाश्ता आणि घरापर्यंत गाडी कंपनीची. ज्याला जमणार नाही त्याने नुसतं नाही म्हणावं, कारण सांगायची गरज नाही."

दोघांनी नाही म्हटलं. दुबेऱ्याच्या ताईंचं लेकरू लहान आहे. वावीच्या पोराच्या कांद्याला त्या रात्री थ्री फेज लाईट येणार होती, पाणी भरायचं होतं.

आता उरले सहा. तासाला 450 नग, म्हणजे 1800 ला चार तास. साडेसात वाजले असते. सातला आत आलेल्या माणसाला साडेबारा तास झाले असते. अशा वेळी सोपा रस्ता एकच दिसतो, त्या दोघांना पुन्हा गळ घालायची. "सगळे थांबतायत, तुलाच काय झालं?" एवढं वाक्य पुरतं, आणि संमती तिथेच मरते.

मी डिस्पॅचवाल्यांना गिऱ्हाइकाला फोन करायला लावला. प्रश्न एकच होता: रात्रपाळीला तुमच्या लाईनवर प्रत्यक्ष लागणार किती? उत्तर आलं, 1200. बाकीचे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतील. सहा जणांनी तीन तासांत 1350 काढले, गाडी गेली. उरलेले 450 सकाळी आठ जणांनी चाळीस मिनिटांत संपवले. जादा खर्च दुसऱ्या छोट्या गाडीचा. "अर्जंट" म्हणून आलेल्या मालातला एक तृतीयांश हिस्सा त्या रात्री अर्जंट नव्हताच. पण हे कुणीतरी विचारावं लागतं, आणि ते माणसं थांबवण्याआधी.

थकव्याचा धोकाही खरा आहे. शेवटच्या तासात गेज आट्यात पूर्ण फिरवला जात नाही, नुसता टेकवला जातो. ते ओळखायचं कसं? शेवटच्या पेट्यांतले थोडे नग सकाळी ताज्या माणसाकडून पुन्हा तपासून घ्यायचे, म्हणून त्या पेट्या गाडीत न चढवता मागे ठेवायच्या. आणि संध्याकाळी वेग अचानक वाढला तर खूश व्हायचं नाही, जाऊन बघायचं.

पैशांचं स्पष्ट आहे. कायदा ओव्हरटाइमला दुप्पट दर सांगतो. महिना 15,600 असेल तर 26 दिवसांनी रोज 600, तासाला 75. ओटीचा तास 150, तीन तासांचे 450. हे हजेरीपत्रकावर त्याच दिवशी चढलं पाहिजे. "नंतर सुट्टीत ॲडजस्ट करू" म्हणत कच्च्या वहीत लिहिलेले तास पगाराच्या दिवशी सापडत नाहीत.

आता 144 तासांकडे बघा. तीन-तीन तासांच्या त्या 48 संध्याकाळी होतात, तेरा आठवड्यांत. आठवड्याला जवळपास चार. म्हणजे मर्यादा पाळूनही माणसाचं घर मोडू शकतं. आणि ठेकेदाराच्या माणसाला तर "उद्यापासून येऊ नको" एवढंच ऐकवलं की झालं. त्याच्या सहीला मी संमती कशी म्हणू?

म्हणून माझी कसोटी साधी आहे. कागदावर किती सह्या आहेत ते मी बघत नाही. गेल्या तीन महिन्यांत किती जण नाही म्हणाले, आणि त्यातले किती जण आज त्याच कामावर आहेत, ते बघतो. तुमच्या कंपनीत हा आकडा किती आहे?