जौज़ाचा हात, जौज़ाचा पाय

मराठीत ज्याला आपण मृग नक्षत्र म्हणतो, त्याला अरबी-उर्दूत जौज़ा म्हणतात. त्यातल्या दोन सर्वांत ठळक ताऱ्यांची इंग्रजी नावे मुळात अरबीच आहेत. रायजेल म्हणजे रिज्ल, जौज़ाचा पाय. बेटलज्यूस म्हणजे यद-अल-जौज़ा, जौज़ाचा हात. अरबीतून लॅटिनमध्ये उतरवताना कुणीतरी ‘ये’चे दोन नुक्ते ‘बे’चा एक नुक्ता म्हणून वाचले आणि ‘यद’चे ‘बेट’ झाले. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. ही गोष्ट सांगितली की मुले खूश होतात, कारण त्यांच्या वह्यांत हे रोज घडत असते. मराठीत या ताऱ्यांना राजन्य आणि काक्षी म्हणतात. मी पुढे हीच नावे वापरतो.

काक्षी तांबूस आहे आणि राजन्य निळसर पांढरा. जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास दोघेही चांगले वर आलेले असतात. क्षितिजाजवळ पाहू नये, कारण तिथे हवेचा थर जाड असतो आणि राजन्यही पिवळट वाटतो. दुर्बीण असेल तर ती थोडी बिघडवून, म्हणजे फोकस किंचित सोडून पाहावे. ठिपका पसरून चकती होते आणि रंग स्पष्ट दिसतो.

यातला अधिक तापलेला कोण, असे विचारले तर बहुतेक जण काक्षीकडे बोट दाखवतात. लाल म्हणजे आग, निळे म्हणजे थंड, हे आपल्या मनात पक्के बसलेले आहे. लोहाराला मात्र उलटे ठाऊक असते. लोखंड आधी काळपट लाल होते, मग नारिंगी, मग पिवळे, आणि फारच तापले तर पांढरे. काही हुशार मुले गॅसच्या निळ्या ज्योतीचा दाखला देतात. उत्तर बरोबर येते, पण दाखला चुकीचा आहे. ज्योतीचा निळा रंग जळणाऱ्या वायूच्या रेणूंमुळे येतो, नुसत्या तापण्यामुळे नव्हे. ताऱ्यासाठी लोहाराचे लोखंडच खरे.

या लोखंडाचा हिशेब विल्हेल्म वीन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९३ मध्ये मांडला. तापलेली वस्तू सगळ्याच तरंगलांबींचा प्रकाश सोडते. उर्दू पुस्तकात तरंगलांबीला ‘तूल-ए-मौज’ म्हणतात. पण एका ठिकाणी तो सर्वांत जास्त असतो. त्याला शिखर म्हणू. वस्तू जितकी अधिक तापलेली, तितके शिखर आखूड लांबीकडे सरकते. केल्व्हिनमधले तापमान आणि नॅनोमीटरमधली शिखराची जागा यांचा गुणाकार नेहमी सुमारे २८,९८,००० येतो. नियम एवढाच.

नववीतल्या एका मुलीने हा नियम घेऊन सरळ भागाकार केला. लाल म्हणजे ७०० नॅनोमीटर, म्हणून काक्षी ४१४० केल्व्हिन. निळा म्हणजे ४५०, म्हणून राजन्य ६४४०. मग तिनेच विचारले, “सर, सूरज ५७७२ का है ना? फिर रिज्ल सूरज जैसा क्यूँ नहीं दिखता?”

प्रश्न अचूक होता. राजन्यचे खरे तापमान १२,००० केल्व्हिनच्या आसपास आहे, तिच्या उत्तराच्या जवळजवळ दुप्पट. तिचा भागाकार बरोबर होता. डोळ्याला दिसणारा रंग म्हणजेच शिखर, हे गृहीत मात्र चूक होते, आणि ते अनेक गाइडांत छापलेले असते. आता उलटा हिशेब करून पाहा. राजन्यचे शिखर २४० नॅनोमीटरच्या जवळ येते, म्हणजे जंबुपार प्रकाशात. काक्षी साधारण ३६०० केल्व्हिनचा. त्याचे शिखर ८०५ च्या जवळ, अवरक्तात. दोन्ही शिखरे डोळ्याला दिसतच नाहीत! सूर्याचे शिखर ५०२ वर, हिरव्या प्रकाशात येते, तरी सूर्य हिरवा दिसत नाही. शिखराच्या दोन्ही बाजूंचा लाल आणि निळा प्रकाशही भरपूर असतो आणि डोळा सगळ्याची बेरीज करून पांढरा म्हणतो. हिरवा तारा दिसत नाही तो यामुळेच.

मी मुलांना डोंगराची उपमा देतो. घराला एकच अरुंद खिडकी आहे आणि समोर मोठा डोंगर. माथा खिडकीतून दिसत नाही, फक्त उतार दिसतो. उतार निळ्या बाजूला चढत असेल तर माथा तिकडे आहे, लाल बाजूला चढत असेल तर तिकडे. ताऱ्याचा रंग म्हणजे हा उतार.

खगोलशास्त्रज्ञ उतारच मोजतात. एकाच ताऱ्याचा प्रकाश आधी निळ्या गाळणीतून, मग पिवळसर हिरव्या गाळणीतून मोजायचा आणि दोन्ही प्रतींतला फरक काढायचा. या पद्धतीची खुबी अशी की ताऱ्याचे अंतर माहीत असावे लागत नाही. तारा दूर असला तर दोन्ही रंग सारखेच मंद होतात आणि फरक तोच राहतो. अभिजित ताऱ्याचा फरक शून्य मानला आहे. सूर्याचा ०.६५ येतो, काक्षीचा १.८५. म्हणजे अभिजितशी तुलना करता काक्षीच्या प्रकाशात निळ्याचे प्रमाण साधारण साडेपाच पटींनी कमी. या आकड्यावरून तापमान काढायचे जे सोपे सूत्र वापरतात, ते सूर्याला ५७८० च्या जवळ आणून ठेवते आणि काक्षीला ३३०० च्या वर. वाईट नाही.

राजन्यपाशी मात्र ते अडते. त्याचा फरक उणे ०.०३, म्हणजे अभिजितसारखाच. पण अभिजित ९६०० च्या आसपासचा आणि राजन्य १२,००० चा. एवढे अंतर रंगात का दिसत नाही? माथा खिडकीपासून फार दूर गेला की खिडकीतल्या उताराचा आकार जवळजवळ ठरूनच जातो. मग तापमान वाढले तर प्रकाश वाढतो, निळ्या-लालचे प्रमाण फारसे बदलत नाही. अशा ताऱ्यांसाठी रंग सोडून वर्णपटातल्या काळ्या रेषा पाहाव्या लागतात. कोणत्या मूलद्रव्याच्या रेषा किती ठसठशीत आहेत, यावरून तापमान कळते.

दुसरी अडचण धुळीची. ताऱ्यांमधली धूळ लाल प्रकाशापेक्षा निळा जास्त अडवते. तारा गार नसतानाही तांबूस दिसतो, आणि नुसत्या रंगावर विसंबणारा त्याला गार ठरवून मोकळा होतो.

धूळ की गारवा, हा प्रश्न खुद्द काक्षीच्या बाबतीत उभा राहिला. २०१९ च्या अखेरीस तो मंद होऊ लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये तर नुसत्या डोळ्यांनीही तो शेजारच्या रोहिणीपेक्षा फिका दिसत होता. तारा गार झाला, असे काहींचे मत. आता त्याचा स्फोट होणार, अशा बातम्याही आल्या. तेव्हा एमिली लेव्हेक आणि फिलिप मॅसी यांनी त्याचा वर्णपट घेतला. लाल ताऱ्यांच्या वातावरणात टायटॅनियम ऑक्साइड असते आणि त्याचे काळे पट्टे तारा गार होत गेला की गडद होतात. पट्ट्यांनी तापमान ३६०० सांगितले. २००४ मध्ये ते ३६५० होते. पन्नास अंशांच्या फरकाने एवढा मोठा तारा निम्म्याहून मंद होत नाही, म्हणून त्यांनी धुळीकडे बोट दाखवले. २०२१ मध्ये चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीच्या चित्रांवरून आणखी एक गोष्ट पुढे आली. अंधार ताऱ्याच्या दक्षिण अंगावरच जास्त होता. काक्षीने आधी वायूचा एक लोट बाहेर टाकला होता. मग पृष्ठभागाचा तेवढाच भाग थोडा निवला आणि त्या गारव्यात लोटातल्या वायूची धूळ झाली.